मामाजी रोज पहाटे ४ किलोमीटर चालतात, तरी जेवणानंतरची शुगर २३८. रात्रीच्या शतपावलीनं खरंच फरक पडतो का?

दारव्ह्याची_सून · ९ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमचं गाव. सासरे ६३ वर्षांचे, सात वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी घेतात. माणूस अजिबात आळशी नाही. पहाटे पाचला उठून फाट्यापर्यंत जाऊन येतात, चार किलोमीटर सहज होतात. मग दिवसभर वावरात. सध्या तूर कापणीला आली आहे, कापसाची वेचणीही सुरूच आहे.

गेल्या आठवड्यात तपासणी केली. उपाशीपोटी १३४, जेवणानंतर दोन तासांनी २३८. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आणि सांगितलं, रात्री जेवण झालं की १०-१५ मिनिटं चालत जा, महिन्यानं पुन्हा दाखवा. मामाजी घरी येऊन म्हणाले, “पाह्यटे चार किलोमीटर चालतो, दिवसभर वावरात राबतो, आता रात्री आंगणात फेऱ्या मारू का येड्यावानी?”

खरं सांगते, मलाही पटलं नाही. चार किलोमीटरनं जे झालं नाही ते पंधरा मिनिटांनी कसं होणार? साडेसातला जेवतात, मग बाजेवर बसून बातम्या, नऊला झोप. कोणाला अनुभव आहे का?

काळीमाती · ९ जानेवारी, रात्री १०:०५

तुमचे सासरे बरोबर बोलले वहिनी. हे चालणं-बिलणं ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्यायसाठी आहे. माह्या बापानं आयुष्यभर डवरा हाकला, कधी शतपावली केली नायी, अन् ८१ वर्षं जगला. शेतकऱ्याले काऊन चालाले सांगून राह्यले, मले त समजत नायी.

वजनकाटा · ९ जानेवारी, रात्री १०:३१

१५ मिनिटांनी पोट कमी होत नाही. मी दीड वर्ष चालतोय, तीन किलो उतरलं फक्त. रात्रीचा भात बंद करा, महिन्यात फरक दिसेल.

दारव्ह्याची_सून · ९ जानेवारी, रात्री १०:३८

@वजनकाटा दादा, वजनाचा प्रश्नच नाही हो. मामाजी ५४ किलोचे आहेत, वाऱ्यानं उडतील. फक्त शुगरचं विचारतेय.

मास्तर_निवृत्त · १० जानेवारी, सकाळी ६:५०

शतपावली ही आपल्या पूर्वजांनी सांगितलेलीच गोष्ट आहे, पण शब्द नीट वाचा. शत म्हणजे शंभर. शंभर पावलं, जास्त नाही. जेवण झाल्यावर रक्त जठराकडे जातं. त्या वेळी भराभर चाललं की ते पायांकडे ओढलं जातं आणि अन्न कुजतं. मी स्वतः अनुभवलं आहे. जेवून थोडं झपझप चाललं की माझ्या छातीत जड वाटतं, ढेकर येतात, थांबलो की दोन मिनिटांत बरं वाटतं. म्हणून आधी वज्रासन, मग तासाभरानं पाहिजे तर चाला. चालल्यानं साखर जळते हे मात्र खरं.

उपकेंद्र_ताई · १० जानेवारी, दुपारी १:१५

मी दहा वर्षं उपकेंद्रात नोकरी करते आहे. रोज शुगर-बीपीचे पेशंट बघते. आधी एक तातडीचं, मग मूळ प्रश्न.

मास्तर, जेवून चाललं की छातीत जड वाटणं आणि थांबलं की दोन मिनिटांत जाणं, हे अपचनाचं लक्षण मानून बसू नका. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर असंच होतं, आणि पोट भरलेलं असताना ते लवकर जाणवतं. शुगर असली तर जास्तच काळजी. आधी ईसीजी काढा, डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत जेवणानंतर चालू नका, शंभर पावलंही नाही. रागावू नका, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता सूनबाई. तुमचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर अंतरात नाही, वेळेत आहे. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. शुगर १०० असेल तेव्हा त्या सगळ्या रक्तात मिळून किती साखर असते? पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. आणि दोन मोठ्या ज्वारीच्या भाकरी, वर वाटीभर वरण-भात खाल्ला की त्यातून शंभर ग्रॅमच्या आसपास साखर तयार होते, म्हणजे वीस चमचे. एक चमच्याच्या भांड्यात दोन-तीन तासांत वीस चमचे ओतायचे आहेत. येते तितक्याच वेगानं ती बाहेर गेली नाही तर भांडं भरणारच. ती सगळ्यात जास्त जाते स्नायूंमध्ये, आणि तिथलं दार इन्सुलिन उघडतं. शुगरच्या माणसाचं ते दार गंजलेलं असतं. पण मांडी-पोटरीचा स्नायू हालत असला की तो इन्सुलिनची वाट न पाहता आपलं दुसरं दार स्वतः उघडतो.

तुमचे सासरे पहाटे चालतात तेव्हा पोटात काही नसतं. ओतणं सुरू व्हायचं आहे. ओतणं जोरात सुरू असतं ते रात्री साडेआठच्या सुमाराला, आणि तेव्हा ते बाजेवर बातम्या बघत असतात. ते दुसरं दार त्या वेळी बंद.

पहाटेचं चालणं सोडायला सांगू नका. त्यानं इन्सुलिनचं गंजलेलं दारही थोडं सैल होतं आणि तो परिणाम दिवसभर टिकतो. फक्त त्याच्याकडून रात्रीच्या जेवणाचं काम होत नाही.

काळीमाती · १० जानेवारी, सायंकाळी ७:२०

ताई, तुमचं दाराचं समजलं. पण वावरात आम्ही जेवल्यावर लगेच कामालेच लागतो ना. मंग तेच झालं की शतपावली.

उपकेंद्र_ताई · १० जानेवारी, रात्री ८:०२

लागत असाल तर झालीच, भाऊ. निंदण, वेचणी, सरीतून चालणं, सगळं चालतं. स्नायूला काय माहीत तुम्ही अंगणात आहात की पऱ्हाटीत. पण खरं सांगा, दुपारी शिदोरी सोडल्यावर धुऱ्यावरच्या लिंबाखाली तासभर आडवे होता की नाही? आणि रात्री?

काळीमाती · १० जानेवारी, रात्री ८:०९

हाव. पकडलं तुमी 😄

नागपूरकर_८७ · १० जानेवारी, रात्री ९:३०

तर्क छान आहे, पण पुरावा? तर्कानं तर कारल्याचा रसही चालतो.

उपकेंद्र_ताई · ११ जानेवारी, दुपारी २:१०

आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं टाइप २ शुगरच्या ४१ लोकांवर केलेला अभ्यास २०१६ साली छापून आला. त्याच लोकांना दोन आठवडे सांगितलं की दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटं चाला, आणि दुसरे दोन आठवडे सांगितलं की प्रत्येक जेवणानंतर १०-१० मिनिटं चाला. एकूण चालणं सारखंच. जेवणानंतर चालताना जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी निघाली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. रात्री फरक मोठा, कारण जास्त पोळी-भाताचं जेवण रात्रीचं आणि त्यानंतर माणूस बसून. त्यांचं जेवण वेगळं, पण ही सवय आपल्याकडेही तशीच.

नागपूरकर_८७ · ११ जानेवारी, रात्री ९:५५

४१ माणसं, तीही न्यूझीलंडची. इथल्या भाकरी-वरणावर आणि ५४ किलोच्या शेतकऱ्यावर तेच लागू होईल असं कसं म्हणायचं? मी चालू नका म्हणत नाही. पण सूनबाई, घरी ग्लुकोमीटर असेल तर स्वतःच मोजून बघा ना. त्यांच्या अंगावर काय होतं ते चार रात्रींत कळेल. दोन रात्री बसून, दोन रात्री चालून. फक्त जेवण चारही रात्री तेच हवं, नाहीतर भाताचा फरक चालण्याच्या नावावर जाईल.

दारव्ह्याची_सून · ११ जानेवारी, रात्री १०:२०

मीटर आहे, नणंदेनं दिवाळीला दिलेला, डब्यात पडून. किती वेळा बोट टोचायचं? एक पट्टी वीस रुपयांच्या घरात पडते.

उपकेंद्र_ताई · १२ जानेवारी, दुपारी १:४०

नागपूरकरांशी या बाबतीत सहमत. रोज तीनदा मोजा. जेवणाआधी, एक तासानं, दोन तासांनी. तास मोजायचा तो पहिला घास घेतला तिथपासून, ताट उचललं तिथपासून नव्हे. इथेच सगळे चुकतात. आरामात अर्धा तास जेवणारा माणूस ताट उचलल्यापासून मोजतो, मग त्याचे दोन तास म्हणजे अडीच होतात आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

आणि नुसता शेवटचा आकडा बघू नका, चढ बघा. जेवणाआधी १५० असताना २१० होणं आणि ११० असताना २१० होणं एक नव्हे.

चालणं जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सुरू करा आणि पंधरा मिनिटं थांबू नका. वेग असा की सोबत बोलता यावं, पण भजन म्हणता येऊ नये. मिनिटाला शंभरेक पावलं पडली की बरोबर. मास्तरांची शतपावली म्हणजे म्हणूनच फक्त एक मिनिट होते. अंगण वीस पावलांचं असेल तर ७५ खेपा. पायात चपला-बूट घालूनच, अनवाणी नाही. शुगरमध्ये तळपायाची जाणीव कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही. आणि बॅटरी जवळ ठेवा, रात्रीचं विंचू-काटं.

लेक_माहेरी · १२ जानेवारी, दुपारी ३:३५

मध्येच विचारते. मी सातव्या महिन्यात आहे, माहेरी आले आहे, वरुडजवळ. मला गरोदरपणातली शुगर निघाली. डॉक्टरांनी मलाही प्रत्येक जेवणानंतर चालायला सांगितलं. आई म्हणते पोटुशा बाईनं रात्री आंगणात फिरू नाही. मग मी घरातच स्वयंपाकघर ते ओसरी फेऱ्या मारते, आई मागून बडबडते. हे चालतं का? माझे आकडे इथल्यापेक्षा बरेच कमी ठेवायला सांगितले आहेत, तेही घाबरवतं.

उपकेंद्र_ताई · १२ जानेवारी, रात्री ८:२०

ओसरी उत्तम. घर काय, अंगण काय, फरक नाही. आकडे कमी सांगितले ते बरोबरच. गरोदरपणात पहिल्या घासापासून एका तासानं १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत ठेवायचं असतं. इथल्या आजोबांचे आकडे स्वतःला लावू नकोस. रक्तस्राव, पोटात कळा, चक्कर, असं काही झालं किंवा डॉक्टरांनी आराम सांगितला तर चालणं बंद. आईला सांग, आंगणात जात नाही, घरातच आहे 🙂

दारव्ह्याची_सून · १७ जानेवारी, रात्री १०:१०

चार रात्री झाल्या. मामाजींना पटवायला सासूबाई कामी आल्या. म्हणाल्या, “चार दिवस चाला, नायी फरक पडला त मी बोलणार नायी.” चारही रात्री दोन भाकरी, तुरीचं वरण, वाटीभर भात, वांग्याची नाहीतर मेथीची भाजी. जेवणाची वेळ साडेसात.

पहिली रात्र, बसून: आधी १३२, एक तासानं २३६, दोन तासांनी २१८.

दुसरी रात्र, चालून: आधी १३८, एक तासानं १९१, दोन तासांनी १८७.

तिसरी रात्र, बसून: आधी १२९, एक तासानं २२९, दोन तासांनी २११.

चौथी रात्र, चालून: आधी १४१, एक तासानं ३१२ (!!), दोन तासांनी १८९.

हे ३१२ बघून माझ्या पोटात गोळा आला. चालूनही एवढी? मामाजी लगेच, “पाह्य, म्हटलं होतं ना.” त्यांनी तिथेच चालण्याचा निकाल लावून टाकला.

संत्राबाग · १७ जानेवारी, रात्री १०:२५

ताई, टोचायच्या आधी मामाजींनी काय खाल्लं का हातानं? संत्रं सोललं होतं का? आमच्या घरी बाग आहे, सध्या आंबिया बहाराचा शेवटचा माल घरात पडून असतो. माझ्या वडलांचं एकदा ४०० च्या वर आलं होतं. दवाखान्यात धावलो, तिथं १६० निघाली. बोटावर संत्र्याच्या सालीचा रस. थेंबभर रक्तात तो मिसळला की मीटरला काय कळतं कुठली साखर कोणाची.

दारव्ह्याची_सून · १७ जानेवारी, रात्री १०:३१

अगंबाई. नातवासाठी संत्रं सोलून देत होते ते! मी म्हटलं, आधी बोट टोचू द्या, मग द्या. पण मी स्पिरिटच्या कापसानं पुसलं होतं ना.

उपकेंद्र_ताई · १८ जानेवारी, दुपारी १:०५

पुसून जात नाही. फळाची साखर चिकट असते, स्पिरिट तिला इकडून तिकडं करतं. साबण-पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग टोचायचं. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा, पण धुण्यासारखं नाही. आणि एक तासाला ३१२ आणि दोन तासाला १८९ हे तुम्हीच बघा, एका तासात सव्वाशे उतरली असेल का? अंगात असं सहसा होत नाही. ते ३१२ वहीतून खोडा.

बाकीचे आकडे बोलके आहेत. बसलेल्या दोन्ही रात्री एक तासाला शंभर-शंभरनं चढली. चाललेल्या रात्री त्रेपन्ननं. दोन तासांच्या आकड्यात बसून ऐंशी-पंच्याऐंशीचा चढ, चालून पन्नासच्या आत. त्यांचं लक्ष्य १८० च्या आत, म्हणजे अजून थोडं राहिलं आहे.

नागपूरकर_८७ · १८ जानेवारी, रात्री ९:१५

दोन गोष्टी. पहिली, घरगुती मीटर पंधरा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे दाखवतं आणि तरी ते चांगलंच मीटर समजलं जातं. २०० असेल तर १७० ते २३० काहीही दिसू शकतं. म्हणजे २११ आणि १८७ मधला फरक एकट्या मीटरचाही असू शकतो. पण दोन्ही बसलेल्या रात्री वर आणि दोन्ही चाललेल्या रात्री खाली, हे मला थोडं पटतंय. एक तासाची चाललेली नोंद मात्र एकच उरली, संत्र्यानं दुसरी खाल्ली. अजून दोन रात्री करा, मग मी पूर्ण मानेन.

दुसरी, पट्ट्यांची बरणी उन्हाळ्यात कुठे होती? दिवाळीपासून डब्यात म्हणजे ठीक. पण मे महिन्यात टिनाच्या पत्र्याखाली ४५ अंशांत राहिली तर पट्ट्या मरतात. तीस अंशांच्या वर ठेवू नका असं बरणीवरच छापलेलं असतं. माठाजवळच्या कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून. फ्रिजमध्ये मात्र नको, बाहेर काढताच दमट होतात.

दारव्ह्याची_सून · १८ जानेवारी, रात्री ९:४०

एक राहिलंच. सकाळची उपाशीपोटीची चारही दिवस १३१ ते १३९, काही हललं नाही. मामाजींचं तेच चाललं आहे, “सकाळी तितकीच, मंग काय उपयोग?”

उपकेंद्र_ताई · १९ जानेवारी, दुपारी २:००

सकाळची शुगर रात्रीच्या भाकरीची नसते, ती लिव्हरनं पहाटे रक्तात सोडलेली असते. जेवणानंतरच्या चालण्यानं ती फारशी हलत नाही, चार दिवसांत तर नाहीच. तो वेगळा हिशेब आहे, तो डॉक्टर गोळीनं बघतील. रात्री चाललं की त्या जेवणाचा चढ कमी होतो, इतकंच. आज चाललं तर आज. उद्या बसले तर उद्या पुन्हा शंभर चढणार. साठवून ठेवता येत नाही.

काळीमाती · १९ जानेवारी, रात्री ८:३०

आमच्याकडं आठवडाभर रात्रीची लाइन आहे, अकरा ते पाच ओलीत. जेवून बारे फोडत फिरतो. मंग माही शुगर त एकदम फस्क्लास असन.

उपकेंद्र_ताई · १९ जानेवारी, रात्री ८:४१

जेवता आठला, जाता अकराला. तोवर चढ होऊन गेला. आणि तुम्ही शेवटची शुगर कधी तपासली, भाऊ?

काळीमाती · १९ जानेवारी, रात्री ८:४४

नायी तपासली कधीच.

दारव्ह्याची_सून · २ फेब्रुवारी, रात्री ११:५०

हे लिहिताना हात थरथरताहेत. मामाजी आता बरे आहेत.

आज एकादशी. दिवसभर भगर-शेंगदाणे, संध्याकाळी भूक नाही म्हणून फक्त ताक आणि चार घास. गोळी मात्र नेहमीप्रमाणे जेवणाआधी घेतली. आणि दोन आठवड्यांत चालण्याची अशी गोडी लागली आहे की आज शेजारच्या काकांसोबत बोलत बोलत पाऊण तास फिरले. दहा वाजता अंगाला दरदरून घाम, हात कापताहेत, बोलणं जड. बोट धुऊन टोचलं, ६४. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. पंधरा मिनिटांनी ९२. मग अर्धी भाकर खायला घातली. आत्ता १२०.

इतके दिवस सगळे म्हणत होते चाला चाला. हे कोणी का नाही सांगितलं?

उपकेंद्र_ताई · ३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

साखर दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, मग खायला दिलं, एकही पायरी चुकली नाही. आणि बोलणं माझ्यावर बसतं. पहिल्या दिवशी तुम्ही गोळीचं नाव लिहिलं होतं, तेव्हाच मी हे लिहायला हवं होतं.

गोळीतलं मेटफॉर्मिन एकटं असतं तर सहसा असं होत नाही. ग्लिमेपिराइड मात्र जेवण आलं की नाही हे न बघता इन्सुलिन बाहेर काढत राहतं. कमी जेवण, पुरी गोळी आणि तिप्पट चालणं, तिघं एकत्र आले. आज डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगा, आकड्यांसकट. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते त्यांनाच विचारा, मनानं बंद करू नका, अर्धीही करू नका. रात्री झोपताना दोन-तीन दिवस एकदा मोजत जा. आणि चालताना खिशात साखरेची पुडी.

मास्तर_निवृत्त · ३ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

उपकेंद्र ताईंना सांगायचं राहिलं होतं. सुनेनं इथलं वाचून मला जबरदस्तीनं नेलं. ईसीजीत काहीतरी दिसलं म्हणे, पुढची तपासणी यवतमाळला सांगितली आहे. तारीख मिळाली. वज्रासनाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

दारव्ह्याची_सून · ५ फेब्रुवारी, रात्री ९:०५

डॉक्टरांनी वही पाहिली. संध्याकाळची गोळी बदलली, ग्लिमेपिराइड फक्त सकाळी ठेवलं. चालणं पंधराच मिनिटं. महिन्यानंतर पुन्हा बोलावलं, आणि एचबीए१सी एप्रिलमध्ये, तीन महिन्यांचा हिशेब आल्याशिवाय त्यात काही दिसत नाही म्हणाले.

@नागपूरकर, आणखी दोन चाललेल्या रात्री मोजल्या, गोळी बदलण्याच्या आधीच्या. एक तासाला १९८ आणि १८४, हात धुऊन.

नागपूरकर_८७ · ५ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मानलं. पण गोळी बदलली म्हणजे आता बसलेल्या रात्रीही नव्यानं मोजाव्या लागतील, जुन्यांशी तुलना चालणार नाही.

दारव्ह्याची_सून · ५ फेब्रुवारी, रात्री ९:२६

पट्ट्या संपल्या दादा. आणि रविवारी वावरात रोडग्यांचा कार्यक्रम आहे, वांग्याची भाजी, वर तुपात बुडवलेले रोडगे. मामाजी आत्तापासूनच विचारताहेत, तीन रोडग्यांना किती मिनिटं चालावं लागेल.

काळीमाती · ५ फेब्रुवारी, रात्री ९:३१

त्यायले म्हणा कारंज्यापर्यंत.

बाकी ताई, उद्या उपकेंद्रात जाऊन राह्यलो. उपाशी यावं लागते का जेवून?